एकदा गहाण ते कायम गहाण

स्थावर मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतले की मालमत्तेतील एक हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे जातो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 प्रमाणे यालाच गहाण म्हणतात. घर, दुकान किंवा जमीन यांतला काही हक्क कर्जफेडीच्या हमीसाठी दुसऱ्याकडे जातो, पण मालकी मूळ मालकाचीच राहते. गहाणाचा पुढचा सगळा कायदा या एका भेदावर उभा आहे. गहाणात दिलेली वस्तू कर्ज फिटेपर्यंतची हमी असते, ती कर्जाची किंमत नव्हे.

कायद्याने गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. साध्या गहाणात मालमत्तेचा ताबा मालकाकडेच राहतो. पैसे फेडण्याची वैयक्तिक जबाबदारी तो पत्करतो आणि ती पार पडली नाही तर धनको न्यायालयामार्फत मालमत्ता विकून आपली रक्कम वसूल करू शकतो. गावाकडे याला नजरगहाण म्हणतात. इंग्रजी गहाणात मालमत्ता धनकोच्या नावे पूर्णपणे हस्तांतरित होते, मात्र ठरलेल्या तारखेला पैसे फेडले की ती परत नावावर करून देण्याचे वचन त्याच दस्तात असते. शहरांत घरकर्ज घेणाऱ्याच्या ओळखीचा प्रकार म्हणजे हक्कलेख ठेवून केलेले गहाण. खरेदीखतासारखी मूळ कागदपत्रे तारणाच्या हेतूने बँकेच्या हाती दिली की गहाण पूर्ण होते. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि शासनाने अधिसूचित केलेल्या शहरांतच असे गहाण करता येते. बाकीच्या प्रकारांत मुद्दलाची रक्कम 100 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो, फक्त यालाच त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात मात्र त्याची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. यांपैकी कोणत्याच चौकटीत न बसणाऱ्या किंवा दोन प्रकार एकत्र केलेल्या व्यवहारांसाठी सहावा, संकीर्ण प्रकार आहे.

उरलेले दोन प्रकार जास्त महत्त्वाचे, कारण कर्जदाराची जमीन हातची जाण्याची भीती त्यांतच जास्त असते. एक ताबेगहाण आणि दुसरे सशर्त विक्रीचे गहाण, म्हणजे बोलीभाषेतली मुदतखरेदी.

ताबेगहाणात जमिनीचा किंवा घराचा ताबा धनकोला मिळतो आणि कर्ज फिटेपर्यंत तो उत्पन्न घेतो. हे उत्पन्न कशात वळते करायचे हे दस्तात ठरते. समजा, एका शेतकऱ्याने 1,00,000 रुपयांना जमीन ताबेगहाण दिली, व्याज वर्षाला 12 टक्के ठरले आणि खर्च वजा जाता जमिनीचे उत्पन्न वर्षाला 30,000 रुपये येते. उत्पन्न आधी व्याजात आणि उरलेले मुद्दलात वळते करायचे असेल, तर पहिल्या वर्षी 12,000 व्याजात जातात, 18,000 मुद्दलातून कमी होतात आणि 82,000 बाकी राहते. दुसऱ्या वर्षाअखेर बाकी 61,840 होते. असेच चालू राहिले तर चौथ्या वर्षाअखेर सुमारे 14,000 उरतात, आणि पाचव्या वर्षीच्या उत्पन्नात व्याज आणि मुद्दल दोन्ही भागून शेतकऱ्याला परत देण्यासारखी रक्कम हाती राहते. त्याने खिशातून एक रुपयाही दिलेला नाही, तरी त्याची जमीन मोकळी झाली.

आता त्याच दस्तात एक ओळ वेगळी असली तर काय होते ते पाहावे. ‘उत्पन्न व्याजाच्या बदल्यात घ्यावे’ असे लिहिले की पाच वर्षे काय, पंचवीस वर्षे गेली तरी मुद्दल 1,00,000 चे 1,00,000 च राहते. धनको दरवर्षी 30,000 घेतो, म्हणजे शेकडा 30 चे व्याज घेतो. कायद्याने अशी अट बेकायदा ठरवलेली नाही. व्याजाच्या बदल्यात उत्पन्न घेण्याचा करार असेल तर धनकोला दरवर्षीचा हिशेब देण्याचे बंधनही राहत नाही. म्हणूनच ताबेगहाणाचा दस्त वाचताना सर्वांत आधी हीच ओळ शोधायला हवी. असा करार नसेल तर मात्र कलम 76 धनकोवर स्पष्ट जबाबदारी टाकते. त्याने मालमत्ता सर्वसाधारण शहाण्या माणसाप्रमाणे सांभाळावी, सारा भरावा, हिशेब ठेवावा, तो मागितल्यावर दाखवावा आणि निव्वळ उत्पन्न कर्जात वळते करावे.

मुदतखरेदीत दस्ताचे रूप विक्रीचे असते. मालक जमीन विकतो आणि अट अशी असते की ठराविक मुदतीत पैसे परत केले तर विक्री रद्द होईल किंवा खरेदीदार जमीन परत लिहून देईल. मुदत चुकली तर विक्री कायम होईल. सावकाराला हे सोयीचे असे, कारण कागदावर तो खरेदीदार असतो, धनको नसतो. 1929 च्या दुरुस्तीने इथे एक कसोटी घातली. परत देण्याची अट त्याच विक्रीच्या दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानता येतो. तीच अट वेगळ्या कागदावर असेल तर कायद्याच्या नजरेत ती खरी विक्री आणि सोबत फेरखरेदीचा स्वतंत्र करार ठरते. अशा करारातली मुदत एक दिवसाने चुकली तरी हक्क जातो. अट एकाच दस्तात असली तरी तो आपोआप गहाण होतो असेही नाही. त्यावर न्यायालये पक्षांचा हेतू तपासतात. ठरलेली किंमत बाजारभावाच्या मानाने फार कमी आहे का, ताबा कोणाकडे राहिला, पूर्वीचा मालकच पट्टी भरत राहिला का, परत देण्याच्या रकमेत व्याजासारखी वाढ धरली आहे का, अशा गोष्टींवरून दस्ताचे खरे रूप ठरते.

याच प्रश्नाने महाराष्ट्रात मोठा इतिहास घडवला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावातून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत सावकारांकडचे रोखे व दस्त हिसकावून जाळले गेले. जमाव माणसांपेक्षा कागदांवर तुटून पडला, यातच सर्व काही आले. चौकशीनंतर 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. दस्तात लिहिले आहे तेच अंतिम न धरता व्यवहाराच्या इतिहासात जाऊन खरा हिशेब काढण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. आज हा कायदा अस्तित्वात नाही, पण दस्तामागचा खरा व्यवहार पाहण्याची दृष्टी गहाणाच्या कायद्यात टिकली आहे.

गहाण सोडवण्याचा हक्क कलम 60 मध्ये आहे. कर्जाची मुदत संपून पैसे देय झाले की मालक योग्य वेळी, योग्य ठिकाणी रक्कम देऊन तीन गोष्टी मागू शकतो. गहाणखतासह सर्व कागद परत मिळावेत, ताबा दिलेला असेल तर ताबा परत मिळावा आणि हक्क परत केल्याचा दस्त किंवा नोंदणीकृत पोचपावती मिळावी. इथे ‘देय झाले की’ या शब्दांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. देय तारीख उलटल्याने हक्क संपत नाही. उलट त्या तारखेपासून तो सुरू होतो. म्हणजे दस्तातल्या तारखेला पैसे देता आले नाहीत म्हणून जमीन गेली, ही समजूत चुकीची आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ती खरी होती. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत पैसे न आल्यास जमीन धनकोची होई आणि कर्ज मात्र कर्जदाराच्या डोक्यावर तसेच राही. तिथल्या चान्सरी न्यायालयाने सतराव्या शतकापर्यंत यावर उपाय शोधला. तारीख उलटली तरी कर्जदाराने मुद्दल आणि व्याज आणले तर त्याला जमीन परत द्यावी, कारण धनकोला हवे असलेले पैसे त्याला मिळालेच, असे ते न्यायालय मानू लागले. इंग्लंडमध्ये न्यायबुद्धीने दिलेली ही सवलत भारतात 1882 पासून कायद्यानेच दिलेला हक्क आहे. तो फक्त दोन मार्गांनी संपतो, दोन्ही पक्षांच्या नंतरच्या स्वतंत्र कृतीने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने.

हे टाळण्यासाठी धनको दस्तातच अटी घालू लागले आणि न्यायालये अशा अटींना या हक्काला घातलेला खोडा मानून रद्द करू लागली. 1762 मध्ये इंग्लंडचे लॉर्ड हेन्ली यांनी याचे कारण सांगितले. गरजू माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो. आजची निकड भागवण्यासाठी तो समोरच्या धूर्त माणसाच्या कुठल्याही अटी मान्य करतो. दोन सज्ञान माणसांनी सही केलेला करार पाळलाच पाहिजे, हे तत्त्व न्यायालये एरवी कसोशीने पाळतात. कर्ज घेताना मात्र एकाची बाजू अगतिक असते, म्हणून इथे ते तत्त्व बाजूला ठेवावे लागते. शिवाय व्यवहाराचे स्वरूपही तेच सांगते. तारण म्हणून दिलेली वस्तू कर्ज फिटल्यावर परत मिळणार नसेल, तर ते तारण राहतच नाही. म्हणून एकदा गहाण ते कायम गहाण.

खोड्याचा सर्वांत उघड प्रकार म्हणजे मुदत चुकल्यास मालकी जाण्याची अट. राजस्थानातील अलवरच्या एका खटल्यात 1919 च्या गहाणखतात 15 वर्षांची मुदत होती आणि तेवढ्यात कर्ज न फेडल्यास मालमत्ता धनकोची होईल असे लिहिले होते. त्या संस्थानात तेव्हा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागूही नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने न्याय आणि सद्‌विवेक यांच्या आधाराने ती अट निष्फळ ठरवली आणि मालमत्ता सोडवण्याचा हक्क मान्य केला.

दुसरा प्रकार जास्त सूक्ष्म असतो, कर्ज फिटल्यावरही मालमत्तेवर बांधिलकी ठेवण्याचा. 1902 च्या नोक्स विरुद्ध राईस खटल्यात लंडनमधील एका मद्यगृहाच्या मालकाने आपला भाडेपट्टा मद्य बनवणाऱ्या कंपनीकडे गहाण ठेवला होता. पट्ट्याच्या उरलेल्या काळात, कर्ज फिटले तरी, तिथे फक्त याच कंपनीचे मद्य विकायचे अशी अट होती. कर्ज फेडून मालकाला त्याचे मद्यगृह परत मिळाले असते, पण ते बांधलेले मद्यगृह असते. त्याने गहाण दिले होते मोकळे. हाउस ऑफ लॉर्ड्सने कर्ज फिटल्यानंतरची अट रद्द केली.

हा नियम जास्त ताणला तर व्यापारातले रास्त करारही मोडतील, हे 1914 मध्ये त्याच न्यायालयाने ओळखले. लोकरीच्या एका व्यापारी पेढीने मांस विकणाऱ्या कंपनीला कर्ज देताना पाच वर्षे मेंढ्यांची कातडी आधी आपल्यालाच विकायला द्यावीत, असे ठरवून घेतले होते. कर्ज मुदतीआधी फेडले गेले, तरी हा करार टिकला. तो कर्जाचा भाग नव्हता, शेजारी उभा असलेला स्वतंत्र व्यापारी सौदा होता आणि त्याने मालमत्तेचे काहीच बांधले नव्हते. खोड्याची खरी कसोटी इथे दिसते. अट मालमत्ता परत मिळण्याच्या आड येते का, की ती बाजूच्या वेगळ्या सौद्याची आहे?

भारतात सर्वांत जास्त वाद झाले ते लांब मुदतीवर. मुदत संपेपर्यंत मालक गहाण सोडवू शकत नाही, म्हणून धनको मुदतच इतकी लांबवतो की मूळ मालकाच्या हयातीत प्रश्नच उद्भवू नये. अजमेरच्या एका खटल्यात 1899 चे गहाण 85 वर्षांच्या मुदतीचे होते. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत लांब असणे एवढ्यानेच खोडा होत नाही. दोन्ही पक्षांना ती सारखीच बांधते, धनकोही मध्येच पैसे मागू शकत नाही. व्यवहार जुलमी होता असे दिसले नाही, म्हणून गहाण सोडवण्याचा दावा मुदतीआधीचा ठरला.

कच्छमधील भुजच्या खटल्यांत तीस वर्षांनी, 1988 मध्ये, उलटा निकाल लागला. तिथे मुदत 99 वर्षांची होती. शिवाय जुनी इमारत पाडून नवी बांधण्याची मुभा धनकोला होती आणि तो खर्च सोडवताना मालकाने द्यायचा होता. मुदत संपेपर्यंत खर्चाचा बोजा इतका वाढला असता की सोडवण्याचा हक्क कागदावरच राहिला असता. सर्वोच्च न्यायालयाने पक्षांची आर्थिक स्थिती आणि रुपयाची घसरलेली किंमत पाहून ही मुदत आणि अट मिळून खोडा आहे असे ठरवले. दोन निकालांत विसंगती नाही. वर्षांचा आकडा एकटा काही ठरवत नाही. मुदत, अटी, मोबदला आणि सही करणाऱ्याची परिस्थिती हे सगळे एकत्र पाहून निर्णय होतो. भुजचा निकाल जास्त न्यायाचा वाटतो, कारण 99 वर्षांनंतर मिळणारे घर मूळ मालकाच्या नातवालाही पाहायला मिळेलच असे नाही.

धनकोने मालमत्ता विकत घेऊच नये असे मात्र कायदा म्हणत नाही. गहाणखतातच किंवा त्याच वेळी ‘पुढे हवे तर मी विकत घेईन’ असा हक्क राखून ठेवला तर तो निष्फळ. पण कर्ज दिल्यानंतर, मालकावर दबाव नसताना, वेगळ्या व्यवहारात त्याने मालमत्ता धनकोलाच विकली तर ती विक्री वैध ठरते. पक्षांच्या कृतीने हक्क संपतो तो असा, नंतर आणि स्वतंत्रपणे.

हक्क असला तरी तो वापरायचा कसा, हाही प्रश्न असतो. पैसे घ्यायला सावकार टाळाटाळ करू लागला तर कलम 83 प्रमाणे मालकाने पूर्ण रक्कम न्यायालयात जमा करावी. न्यायालय धनकोला नोटीस देते आणि रक्कम योग्य रीतीने देऊ केल्यापासून किंवा जमा केल्यापासून पुढचे व्याज थांबते. धनको दाद देत नसेल तर गहाण सोडवण्याचा दावा लावता येतो. त्यात न्यायालय प्रथम येणे रकमेचा हिशेब ठरवते, भरणा करायला मुदत देते आणि त्यानंतर अंतिम हुकूमनामा करते. एरवी या दाव्याला 30 वर्षांची मुदत असते. ताबेगहाणाबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले की नुसता काळ गेल्याने मालकाचा हक्क जात नाही. उत्पन्नातून किंवा रोखीने कर्ज फिटेपर्यंत ही मुदत सुरूच होत नाही.

बँकांच्या कर्जाबाबत एक मर्यादा अलीकडे फार कडक झाली आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकू शकते. 2016 च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराने सर्व थकबाकी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी भरली तरच विक्री थांबते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबईच्या प्रकरणात हाच अर्थ कायम केला आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा सोडवण्याचा हक्क उरत नाही असे ठरवले. साध्या गहाणात नोंदणीकृत विक्री होईपर्यंत हक्क जिवंत राहतो, इथे तो वर्तमानपत्रातील जाहिरातीबरोबर संपतो. इतक्या जुन्या हक्काला लावलेली ही मर्यादा फार आखूड आहे, पण सध्या तोच कायदा आहे. थकबाकीची नोटीस हातात पडल्यावर लिलावाच्या जाहिरातीची वाट पाहणे कर्जदाराला परवडणार नाही.

कर्ज फिटल्यावरचे कागदोपत्री कामही राहू देऊ नये. गहाण सोडवल्याच्या दस्ताची नोंदणी करून घ्यावी, सातबाऱ्यावरील इतर हक्कांतला बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्याचे पाहावे. बँकेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात. तिच्याकडून उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते.